पेपरच्या कात्रणाचा फोटो आलाय? चुका न करता त्याचा सारांश कसा लिहायचा?

पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर हे हमखास घडतं. कुणीतरी पेपरच्या कात्रणाचा फोटो टाकतं. फोटो तिरका, अक्षरं मुंगीएवढी आणि वरचा कोपरा कापलेला. मग कऱ्हाडच्या आत्याचा मेसेज येतो, ‘अरे, चष्म्यातून पण दिसत नाही, काय लिहिलंय ते दोन ओळींत सांग.’ कुणीतरी सांगतं आणि पुढच्या दहा मिनिटांत ते कात्रण मागे पडून त्या दोन ओळीच फॉरवर्ड होत राहतात.

बातमी धरणाच्या पाण्याची असेल, तर त्या दोन ओळींवर कुणी गोठ्यातली जनावरं हलवतं, कुणी गावी जायचा बेत रद्द करतं. म्हणून आज अशाच एका कात्रणाचा सारांश आपण शेवटपर्यंत करून बघू. शीर्षक कसं घ्यायचं, तारखेची ओळ कशी वाचायची, बारीक छपाईतली जोडाक्षरं कशी सोडवायची आणि आकडे बरोबर वाचलेत हे कसं ओळखायचं, हे सगळं त्यातच येईल.

आपलं नमुना कात्रण

खालचा मजकूर कोणत्याही एका पेपरमधला नाही. पावसाळ्यात कोयना धरणाची जी बातमी रोज छापून येते, तिच्या धाटणीवर तो तयार केला आहे. धरणाची १०५.२५ टीएमसी ही क्षमता खरी आहे. पाऊस, साठा आणि विसर्गाचे बाकी आकडे नमुन्यापुरते आहेत.

> कोयनेतून विसर्ग वाढविला
> धरणात ब्याऐंशी टक्के साठा. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा
>
> कऱ्हाड, ता. ४ : कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रात पावसाचा जोर कायम असल्याने सोमवारी सकाळी नऊ वाजता धरणाचे सहा वक्र दरवाजे पावणेतीन फुटांपर्यंत उचलण्यात आले. दरवाजांतून १९,९०० क्युसेक व पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक असा एकूण २२,००० क्युसेक विसर्ग कोयना नदीपात्रात सुरू आहे. १०५.२५ टीएमसी क्षमतेच्या धरणात सकाळी आठ वाजता ८६.३१ टीएमसी पाणीसाठा होता. चोवीस तासांत कोयनानगर येथे ११२ (२,९१६), नवजा येथे १३६ (३,२४०) व महाबळेश्वर येथे ९८ (२,८७५) मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पावसाचा जोर वाढल्यास उद्या विसर्गात आणखी वाढ करण्यात येईल, असे जलसंपदा विभागाकडून सांगण्यात आले.

स्क्रीनवर हे वाचायला सोपं आहे. आता हाच मजकूर एका अरुंद कॉलममध्ये, न्यूजप्रिंटवर, थोडी शाई पसरलेला आणि तीन ग्रुप फिरून आलेला आहे अशी कल्पना करा.

आधी फोटो नीट मिळवा

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की त्याची साइज कमी होते. त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो बारीक अक्षरांच्या टोकांचा. म्हणून ज्यानं फोटो काढला, त्याच्याकडूनच तो पुन्हा मागवा आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तसं पाठवलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

कात्रण तुमच्याच हातात असेल, तर ते टेबलावर सपाट ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात या आणि मोबाइल बरोबर वरून धरा. आधी पूर्ण कात्रणाचा एक फोटो काढा, मग जवळून तुकड्यांचे दोन-तीन. कडा मात्र कापू नका. पेपरचं नाव, पान क्रमांक आणि छपाईची तारीख बहुतेक वेळा पानाच्या वरच्या कडेलाच असते.

फोटो पुरेसा चांगला आहे का, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे अनुस्वार. फोटो मोठा करा आणि एखाद्या अनुस्वाराकडे बघा. टिंब शिरोरेषेपासून सुटं दिसत असेल, तर बाकीचंही वाचता येईल. ते रेषेला चिकटून डाग झालं असेल, तर जोडाक्षरांचा भरवसा धरू नका.

शीर्षक जसंच्या तसं

सारांशात शीर्षक बदलायचं नाही. ते अवतरणचिन्हांत, शब्द न् शब्द उतरवायचं. आपल्या कात्रणात शीर्षक आहे ‘कोयनेतून विसर्ग वाढविला’. अनेक जण लिहिताना त्याचं ‘कोयनेचे दरवाजे उघडले’ करतात. ऐकायला सारखंच वाटतं, पण अर्थ वेगळा होतो. ‘वाढविला’ म्हणजे पाणी आधीपासून सुटत होतं, आता जास्त सुटतंय. ‘उघडले’ म्हणजे आत्तापर्यंत बंद होते. नदीकाठच्या माणसासाठी या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

शिवाय शीर्षक जसंच्या तसं असेल, तरच कुणाला मूळ बातमी शोधता येते. तुमच्या शब्दांतलं शीर्षक पेपरच्या साइटवर सापडणार नाही.

उपशीर्षक वेगळं ठेवा, मुख्य शीर्षकात मिसळू नका. आणि शीर्षकाच्या मोठ्या अक्षरांकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्या. त्या पेपरच्या फॉन्टमध्ये ‘र्ग’ कसा दिसतो, हे ‘विसर्ग’ या मोठ्या शब्दात स्पष्ट कळतं. पुढे बारीक मजकुरात अडलात, की हाच नमुना कामी येईल.

‘कऱ्हाड, ता. ४’ ही ओळ काय सांगते?

बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि तारीख असते. तिच्याबद्दल दोन गैरसमज होतात.

पहिला गैरसमज गावाचा. हे गाव म्हणजे बातमी जिथून पाठवली ते ठिकाण. घटना तिथेच घडली असं नाही. कोयना धरण पाटण तालुक्यात आहे आणि बातमी कऱ्हाडहून आली आहे. कोयना नदी कऱ्हाडलाच कृष्णेला मिळते, त्यामुळे तिथला वार्ताहर ही बातमी देतो यात नवल नाही. पण सारांशात ‘कऱ्हाडच्या धरणातून’ असं लिहिलंत, तर ती चूक तुमची.

दुसरा गैरसमज तारखेचा. ‘ता. ४’ ही बातमी पाठवल्याची तारीख. पेपर बहुधा दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे ५ तारखेचा असतो. त्यामुळे बातमीतला ‘उद्या’ मोजायचा तो ४ तारखेपासून. हा उद्या म्हणजे ५ तारीख, पेपर हातात पडला तोच दिवस. आणि फोटो तुमच्याकडे ७ तारखेला आला असेल, तर तो उद्या होऊन गेलेला आहे. म्हणून सारांशात ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द ठेवू नका, तारीख लिहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या ओळीत महिना नाही आणि वर्षही नाही. जुनी पुराची कात्रणं दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात, ती याच मोकळ्या जागेमुळे. इथे आतल्या मजकुरातला वार उपयोगी पडतो. आपल्या कात्रणानुसार ४ तारखेला सोमवार होता. समजा कुणी म्हणालं, ‘हे २०१९ च्या महापुरातलं आहे.’ मोबाइलचं कॅलेंडर उघडा. ४ ऑगस्ट २०१९ ला रविवार होता, त्या वर्षी ४ जुलैला गुरुवार आणि ४ सप्टेंबरला बुधवार. म्हणजे हे कात्रण २०१९ च्या पावसाळ्यातल्या या तीनही महिन्यांत बसत नाही.

उलट दिशेनं मात्र वार पुरेसा नाही. ४ ऑगस्टला सोमवार २००८, २०१४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी होता. ४ जुलै २०२२ आणि ४ सप्टेंबर २०२३ लाही सोमवारच होता. वारावरून चुकीचं वर्ष बाद करता येतं, पण बरोबर वर्ष ठरवता येत नाही. अशा वेळी सारांशात सरळ लिहा, ‘महिना व वर्ष कात्रणात दिसत नाही.’

जोडाक्षरं नेमकी कुठे फसवतात?

देवनागरीत अक्षर तीन मजल्यांवर असतं. शिरोरेषेच्या वर रफार, अनुस्वार आणि मात्रा, मध्ये मुख्य अक्षर, आणि खाली उकार, रकार किंवा जोडाक्षराचा खालचा अर्धा भाग. छपाई बारीक झाली की मधला मजला टिकतो आणि वरचा-खालचा पुसट होतो. ‘द्ध’, ‘द्व’, ‘ट्ट’ यांसारखी एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं म्हणूनच जास्त त्रास देतात. शेजारी-शेजारी जोडलेली ‘स्त’, ‘ल्य’ यांसारखी अक्षरं त्या मानानं सुटसुटीत राहतात.

आपल्या कात्रणातल्या पाच अडचणीच्या जागा बघू.

- उद्या: ‘द्य’ मधली बारीक जागा शाईनं भरली की तो ‘घ’ सारखा दिसतो आणि शब्द ‘उघा’ होतो. असा शब्दच नाही, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते.
- वक्र: ‘क्र’ मधला खालचा रकार गेला की ‘वक’ उरतो. ‘व’ नीट छापला नसेल, तर ‘चक्र’ वाटतं. धरणाचे दरवाजे ‘वक्र’ असतात हे माहीत असेल, तर हेही सुटतं.
- कऱ्हाड: ‘ऱ्ह’ मधला ‘र’ म्हणजे नुसती एक छोटी वळलेली रेघ. ती दिसली नाही तर ‘कहाड’ किंवा ‘कन्हाड’ वाचलं जातं.
- ब्याऐंशी: पहिलं अक्षर पुसट असेल, तर हा शब्द ‘त्र्याऐंशी’ आहे की ‘ब्याऐंशी’, हे नजरेनं ठरत नाही. आणि इथे दोन्ही शब्द खरे आहेत. एक ८२, दुसरा ८३.
- वाढल्यास: शेवटचं अक्षर कॉलमच्या कडेला पुसट झालं, की ते ‘वाढल्याने’ वाटू शकतं. ‘वाढल्यास’ म्हणजे वाढला तर, ‘वाढल्याने’ म्हणजे वाढला म्हणून. एका अक्षरानं शक्यतेची घोषणा होते.

पहिल्या तीन चुका आणि शेवटच्या दोन चुका यांत मोठा फरक आहे. ‘उघा’ आपोआप खटकतो. ‘त्र्याऐंशी’ आणि ‘वाढल्याने’ खटकत नाहीत, वाक्य गुळगुळीत वाचलं जातं. त्यामुळे भीती अशा चुकांचीच बाळगायला हवी.

अडलेलं जोडाक्षर सोडवायचा क्रम असा ठेवा. आधी तेच जोडाक्षर कात्रणात दुसरीकडे स्पष्ट आहे का ते बघा. ‘क्षेत्रात’ मधला ‘त्र’ अडला, तर ‘नदीपात्रात’ मधल्या ‘त्र’ शी तो जुळवा. ते जमलं नाही, तर वाक्याचं क्रियापद बघा. आपल्या कात्रणात शेवटी ‘करण्यात येईल’ आहे आणि त्याआधी ‘उद्या’ आहे, म्हणून ‘वाढल्यास’ जास्त बसतं. तरी खात्री होत नसेल, तर शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे जा.

एक पथ्य पाळा. संदर्भावरून अंदाज फक्त साध्या शब्दांचा करायचा. गावांची नावं, माणसांची नावं आणि आकडे यांचा अंदाज करायचा नाही. फोटोतून मजकूर उचलणारं ॲप वापरलंत, तरी या तीन गोष्टी स्वतः फोटोशी ताडून बघा.

आकडे: वाचा, मग गणित करून तपासा

देवनागरी आकड्यांत बारीक छपाईत दोन जोड्या सर्वाधिक घोळ घालतात. १ आणि ९, तसंच ३ आणि ६. दशांशाचं टिंब गेलं तर ८६.३१ चं ८६३१ होतं. पण बातमीत आकडे एकटे येत नाहीत. ते एकमेकांचे साक्षीदार असतात.

समजा विसर्गाच्या आकड्यातला दुसरा अंक पुसट आहे आणि तुम्ही १९,९०० ऐवजी ११,९०० वाचलंत. त्यात वीजगृहाचे २,१०० मिळवा, १४,००० होतात. पण कात्रण ‘एकूण २२,०००’ म्हणतंय. म्हणजे वाचण्यात चूक आहे. १९,९०० धरलं की बेरीज बरोबर २२,००० येते.

आता साठा. तो ८६.३१ आहे की ८३.३१? साठ्याला क्षमतेनं भागून शंभरानं गुणा. ८६.३१ भागिले १०५.२५ केलं की ८२ टक्के येतात. ८३.३१ घेतलं तर ७९ टक्क्यांच्या आसपास. उपशीर्षकातला शब्द ब्याऐंशी असो वा त्र्याऐंशी, ७९ कुठेच बसत नाही. म्हणजे एकाच भागाकारानं ८६.३१ आणि ब्याऐंशी हे दोन्ही पक्के झाले.

गणित जुळत नसेल आणि फोटो स्पष्ट असेल, तर चूक पेपरचीही असू शकते. तेव्हा आकडा स्वतः दुरुस्त करू नका. छापलाय तसा लिहा आणि पुढे ‘बेरीज जुळत नाही’ अशी नोंद करा.

शब्दांत लिहिलेले अपूर्णांक हा आणखी एक सापळा. ‘पावणेतीन फूट’ म्हणजे २.७५ फूट, पाव कमी तीन. मराठी शाळेत न शिकलेली मुलं ते ३.२५ समजतात, पण ते ‘सव्वातीन’. शंका असेल तर आकड्यात रूपांतर न करता शब्द तसाच ठेवा.

पावसाच्या आकड्यांत कंस महत्त्वाचा. ‘कोयनानगर ११२ (२,९१६)’ यातला पहिला आकडा चोवीस तासांचा, कंसातला हंगामाच्या सुरुवातीपासूनचा एकूण. कंस पुसट झाला आणि ‘एका दिवसात २,९१६ मिलिमीटर’ असं लिहिलंत, तर ग्रुपवर हाहाकार माजेल.

शेवटी एकक. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे धरणात साठलेलं पाणी. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, हा वाहण्याचा वेग. म्हणून ‘२२,००० क्युसेक पाणी सोडलं’ यापेक्षा ‘२२,००० क्युसेकनं पाणी सुटतंय’ हे जास्त बरोबर. आणि आकड्यासोबत वेळ ठेवा. साठा सकाळी आठचा आहे, दरवाजे उचलले ते नऊ वाजता.

तयार सारांश

> शीर्षक: ‘कोयनेतून विसर्ग वाढविला’
> ठिकाण व तारीख: कऱ्हाड, ता. ४, सोमवार. महिना, वर्ष आणि पेपरचं नाव कात्रणात दिसत नाही.
> सारांश: ४ तारखेला सकाळी ९ वाजता कोयना धरणाचे सहा दरवाजे पावणेतीन फुटांपर्यंत उचलले. दरवाजांतून १९,९०० आणि पायथा वीजगृहातून २,१०० मिळून एकूण २२,००० क्युसेक विसर्ग सुरू. सकाळी ८ वाजता साठा ८६.३१ टीएमसी (८२ टक्के). चोवीस तासांत पाऊस : कोयनानगर ११२, नवजा १३६, महाबळेश्वर ९८ मिमी. पावसाचा जोर वाढला तर ५ तारखेला विसर्ग वाढवू, असं जलसंपदा विभागाचं म्हणणं. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.

यात काय सोडलं ते बघा. हंगामातला एकूण पाऊस सोडला, कारण आत्याला आज काय करायचं यासाठी तो लागत नाही. काय सोडलं नाही तेही बघा. शेवटच्या वाक्यातला ‘तर’ ठेवला. तो ‘तर’ गाळून ‘५ तारखेला विसर्ग वाढणार’ असं लिहिलं असतं, तर सगळे आकडे बरोबर असूनही सारांश खोटा ठरला असता.

हा सारांश पाठवताना मूळ फोटो त्याच मेसेजला जोडा. म्हणजे पुढच्या माणसाला शंका आली, तर त्याला तुमच्या शब्दावर नाही, कात्रणावर बोट ठेवून तपासता येईल. आणि महिना-वर्ष सापडलं नसेल, तर ती ओळ सारांशाच्या तळाशी न ढकलता वरच ठेवा. आत्यानं पहिल्यांदा वाचायला हवी ती हीच ओळ.